बीम वाकतो आणि वाकतच राहतो



2022 च्या आधी पणजीहून मडगावला गाडीने गेलेल्यांना जुना झुआरी पूल नक्की आठवत असेल. आगशीकडून पुलावर चढलं की काही अंतराने गाडी किंचित खाली जायची आणि परत वर यायची. मग पुन्हा तसंच. बऱ्याच जणांना वाटायचं की डांबर नीट घातलेलं नाही. डांबराचा त्यात दोष कमीच होता. पुलाचे हात खाली आले होते.

हा पूल 1983 साली वाहतुकीला खुला झाला. एकूण लांबी 807 मीटर, आणि मधले मोठे गाळे 122 मीटरचे. प्रत्येक खांबावरून दोन्ही बाजूंना, तराजूच्या दांडीसारखे, काँक्रीटचे पोकळ हात थोडे थोडे वाढवत नेले. एका खांबाचा हात आणि पुढच्या खांबाचा हात बरोबर मध्यावर भेटले. पण तिथे ते एकजीव केले नाहीत, बिजागरीने जोडले. त्या काळी जगभर असे पूल बांधत, कारण बिजागरी असली की गणित सुटसुटीत होतं. प्रत्येक हात स्वतंत्र, त्याचा भार त्याच्याच खांबावर. अडचण अशी की 61 मीटर लांबीचा हात पुढे काढून उभा राहिलेला माणूस हळूहळू दमतो आणि टोकाला त्याला आधार द्यायला कोणी नाही. शेजारचा हातही तितकाच दमलेला.

काँक्रीटला दम लागतो हे वाक्य इंजिनीअर माणसाला शोभत नाही, पण जे होतं ते जवळजवळ तसंच आहे. माझं शिक्षण बी.ई. सिव्हिल, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. बीम-कॉलमचं गणित करणाऱ्या प्रोग्रामवर काही वर्षं काम केलं, त्यामुळे हा विषय डोक्यातून गेला नाही. शिवाय गेल्या वर्षी सावरगावच्या मामांचा फोन आला आणि पुलावरची गोष्ट थेट घरात आली. ते पुढे सांगतो. आधी काँक्रीटच्या आत काय चालतं ते पाहू.

काँक्रीट वाळून घट्ट होतं असा सार्वत्रिक समज आहे. तसं नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणून तर स्लॅबवर आळं करून पाणी भरून ठेवतात. पन्नास किलोच्या एका पोत्यामागे साधारण 25 ते 27 लिटर पाणी घालतात. क्रियेत कायमचं बांधलं जातं ते त्यातलं निम्म्याहून कमी. बाकीचं पाणी सिमेंटच्या लगद्यातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत बसून राहतं. ही छिद्रं इतकी बारीक की साध्या भिंगाने दिसायचीही नाहीत. एवढं पाणी खरं तर लागत नाही, पण त्याच्याशिवाय माल सळयांमध्ये उतरत नाही, घमेल्यातून सरकत नाही. मिस्त्रीला माल पातळ हवा असतो, म्हणून तो वर आणखी एखादा डबा ओततो. तो डबा लक्षात ठेवा.

पुढची कित्येक वर्षं हे उरलेलं पाणी बाहेर पडत राहतं. जसजसं ते जातं तसतसा लगदा आक्रसतो. याला इंजिनीअर श्रिंकेज म्हणतात, आपण आकुंचन म्हणू. आपलं IS 456 हे मानक गणितासाठी लांबीच्या 0.0003 पट आकुंचन धरायला सांगतं. म्हणजे पाच मीटरला दीड मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण बीममध्ये मुख्य सळया खालच्या बाजूला असतात आणि पोलाद काही आक्रसत नाही. खालची बाजू सळयांना धरून बसते, वरची बाजू मोकळेपणी आखडते. परिणामी बीम खाली वाकतो, अंगावर कसलाही भार नसताना. आमच्याकडच्या संत्र्याची साल उन्हात टाकून बघा. सालीचे दोन थर सारखे आखडत नाहीत, म्हणून ती वळते. बीमचंही तेच, फक्त फार सावकाश आणि फार थोडं.

दुसरी गोष्ट क्रीप. भार तोच, वाढलेला नाही, तरी वाकणं वाढत जातं. जुन्या घरात भिंतीतल्या फळीवर तुरीची पोती ठेवायचे. पहिल्या दिवशी फळी थोडी झुकायची, चार पावसाळ्यांनी तिला चांगला पोक आलेला असायचा आणि पोती उतरवली तरी ती पुरती सरळ होत नसे. काँक्रीटही असंच वागतं. सतत दाब असेल तर लगद्यातले अतिसूक्ष्म कण एकमेकांवरून सरकतात, आणि छिद्रांतलं पाणी हे सरकणं सोपं करतं. त्यातच काँक्रीट वाळतही असेल तर क्रीप नुसत्या दाबाच्या क्रीपपेक्षा बरंच जास्त येतं. गिट्टी मात्र सरकत नाही, उलट ती लगद्याला अडवून धरते. त्यामुळे लगदा आणि पाणी जास्त, गिट्टी कमी, असा माल जास्त वाकतो. तो एक डबा इथे कामाला येतो.

भार कधी टाकला यालाही फार महत्त्व आहे. IS 456 मध्ये यासाठी तीन आकडे आहेत. काँक्रीट सात दिवसांचं असताना भार आला तर शेवटी क्रीपमुळे येणारा दबाव पहिल्या लवचिक दबावाच्या 2.2 पट धरायचा. 28 दिवसांनी आला तर 1.6 पट. वर्षभराने आला तर 1.1 पट. म्हणजे कोवळ्या काँक्रीटवर घातलेलं ओझं ते आयुष्यभर लक्षात ठेवतं. झुआरीसारख्या पुलात हाताचा एकेक तुकडा ओतून तो काही दिवसांचा असतानाच पुढच्या तुकड्याचं ओझं त्याच्यावर येतं. शिवाय असे हात ताणलेल्या पोलादी केबलींनी वर धरलेले असतात. काँक्रीट आखूड झालं की केबल थोडी सैल पडते, आणि पोलादाचा ताण आपणहूनही काहीसा उतरतो. ताण कमी झाला की हात आणखी खाली. एक घसरण दुसरीला वाव देते.

हे कुठे थांबतं? पूर्वी समज होता की काही वर्षांत थांबतं. तसं मानून केलेली गणितं बऱ्याच पुलांवर चुकली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशात कोरोर आणि बाबेलडाओब या बेटांना जोडणारा पूल 1977 मध्ये झाला. मधला गाळा 241 मीटर, मध्यावर बिजागरी, झुआरीचाच मोठा भाऊ म्हणा. अठरा-एकोणीस वर्षांत त्याचा मध्य ठरलेल्या पातळीच्या सुमारे 1.6 मीटर खाली आला. 1996 मध्ये दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, 26 सप्टेंबरला, तो कोसळला. दोन माणसं गेली. कोसळायला नुसतं वाकणं कारणीभूत नव्हतं, दुरुस्तीने पुलातले ताण बदलले होते. पण दुरुस्ती करावी लागली ती वाकण्यामुळे. पुढे अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्राध्यापक झ्देनेक बाझांत यांनी त्या पुलाची माहिती मिळवून पुन्हा गणित केलं. जगभरातल्या पन्नासहून अधिक पुलांच्या मोजण्याही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोळा केल्या. बहुतेकांची कथा एकच निघाली. वेग कमी होत जातो, पण वाकणं पूर्ण थांबत नाही. पहिल्या वर्षानंतर दहाव्या वर्षापर्यंत जितकी भर पडते, साधारण तितकीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत पडत राहते, असा त्याचा ढंग आहे. झुआरी पूलही त्यांच्या अभ्यासात आहे. आपल्याकडे त्याला पुढे मजबुतीकरण करावं लागलं, जड वाहनांवर बंधनं आली, आणि डिसेंबर 2022 मध्ये शेजारी केबलवर तोललेला नवा पूल सुरू झाला.

आता सावरगाव.

नकाशात शोधायचं तर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी आहे. गोटमारीमुळे नाव ऐकलं असेल, तेच हे सावरगाव. मामांनी चार वर्षांपूर्वी तिथे नवं घर बांधलं. बैठकीची खोली मोठी हवी म्हणून मध्ये खांब घेतला नाही, पाच मीटरचा एकच बीम टाकला. नंतर मामींना देवघर वेगळं हवं होतं, तेव्हा त्याच बीमखाली चार इंची भिंत उभी केली आणि तिच्यात दार बसवलं. गेल्या वर्षी फोन आला.

"बाबू, बीम बसून राहिला. देवघराचं दार लागत नाही. भिंतीले वरून चीर गेली."

काळजी दाराची नव्हती. मामेभावाचं लग्न ठरलं होतं आणि वर दोन खोल्या काढायच्या होत्या. एका ओळखीच्या ठेकेदाराने बघून सांगितलं की बीम गेला, तोडून नवा टाका, नाहीतर घर अंगावर येईल. दुसऱ्याने सांगितलं की काही नाही, चीर बुजवा आणि बिनधास्त वर चढवा. मामांची झोप उडाली होती. तोडायचं तर लग्नासाठी ठेवलेले पैसे जातात. वर चढवायचं तर भरवसा कोणाचा?

दोघांचंही म्हणणं न मोजता केलेलं होतं. म्हणून मी आधी कागदावर गणित मांडलं. घराचं ड्रॉइंग मिळालं, ही मोठीच गोष्ट. बीम 9 इंच रुंद, 18 इंच खोल, खाली 20 मि.मी.च्या तीन सळया, वर 12 च्या दोन. स्लॅब, फरशी आणि बीम स्वतः मिळून त्याच्यावर मीटरमागे सुमारे 1800 किलोचा कायमचा भार. M20 प्रतीचं काँक्रीट आणि खालच्या बाजूला येणाऱ्या नेहमीच्या बारीक चिरा धरून, हा सगळा भार येताच बीमने मध्यावर साधारण 8 मि.मी. वाकायला हवं.

पुढच्या वर्षांसाठी अमेरिकेच्या ACI 318 या मानकातला एक सोपा ठोकताळा आहे, मला तो आवडतो. पहिलं वाकणं एका गुणकाने गुणायचं. तीन महिन्यांसाठी 1, वर्षासाठी 1.4, पाच वर्षं आणि पुढे 2. क्रीप आणि आकुंचन दोन्ही त्यात आलं. बीमच्या वरच्या बाजूला सळया असतील तर गुणक थोडा कमी होतो, कारण दाबाखालच्या काँक्रीटच्या वाट्याचं ओझं हळूहळू सळया घेतात. मामांच्या बीमला वर फक्त बांधणीपुरत्या दोन सळया होत्या, म्हणून 2 चा गुणक 1.8 च्या आसपास आला. वर्तन असं दिसतं:

पहिल्या दिवशी 8 मि.मी. तीन महिन्यांत आणखी 7. वर्षअखेरीस ती भर 10. पाच वर्षांत 14. एकूण 22 मि.मी.

म्हणजे बीम चांगला बांधला, भार अजिबात वाढवला नाही, तरी पहिल्या दिवसाच्या जवळजवळ तिप्पट तो खाली येणार. मिस्त्रीच्या भाषेत सात सूत. आपलं मानक एकूण वाकण्यासाठी लांबीचा 250 वा भाग सांगतं, म्हणजे इथे 20 मि.मी. मामांचा बीम काठावर होता, किंचित पलीकडे. बीम 18 ऐवजी 21 इंच खोल घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. वाकण्याच्या बाबतीत खोली फार भराभर कामाला येते.

पण चिरेचं कारण या 22 मध्ये नाही, ते तारखांमध्ये आहे. IS 456 मध्ये दुसरी एक मर्यादा आहे, तिच्याकडे घरबांधणीत कोणी बघत नाही. भिंती आणि फिनिशिंग झाल्यानंतर जेवढं वाकणं उरलंय ते लांबीच्या 350 व्या भागापेक्षा, किंवा 20 मि.मी.पेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त नको. पाच मीटरला ते 14 मि.मी. मामांच्या घरी बल्ल्या काढल्यावर पंधरा दिवसांत देवघराची भिंत उठली, आणि मिस्त्रीने कामाची सफाई म्हणून विटांचा शेवटचा थर बीमच्या पोटाला मसाल्याने घट्ट भिडवला. पुढे येणारं जवळपास सगळं वाकणं मग त्या भिंतीने झेललं. बीम वरून दाबतोय, चार इंची भिंत खाली जाऊ शकत नाही. तिला चीर पडणार, आणि दाराची चौकट दबून तिरकी होणार. हीच भिंत तीन महिने थांबून बांधली असती तर निम्मं वाकणं आधीच होऊन गेलं असतं. आणि वरच्या थरात अर्धा इंच जागा सोडून ती थर्माकोलसारख्या मऊ वस्तूने भरली असती तर उरलेलंही निभावलं असतं. भिंत ऑफिसातली असो की देवघराची, बीमखालची ही फट सोडणं म्हणजे आळशीपणा नव्हे. मिस्त्रीला तसं आधी सांगावं लागतं, नाहीतर तो ती प्रेमाने बुजवून टाकतो.

त्यात काम एप्रिल-मेमध्ये झालेलं. आमच्याकडे तेव्हा पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगतं, आणि गरम कोरड्या हवेत दहा. आज बाजारात मिळणारी बहुतेक पोती राख मिसळलेल्या PPC सिमेंटची असतात, त्यांना अशा हवेत चौदा. मामांना आठवत होतं ते असं की स्लॅबवर आळं भरलेलं होतं, पण बीमच्या बाजूंना पाणी कोणी मारलं नाही. बाजू लवकर वाळल्या म्हणजे आकुंचन लवकर आणि जास्त.

एवढ्यावरून "बीम ठीक आहे" असं मी सांगू शकत नव्हतो. कागदावरचा बीम ठीक होता. खरा बीम बघायला हवा होता, आणि तो बंगळूरहून दिसत नाही. तेव्हा मामेभावाला कामाला लावलं.

बीमच्या दोन्ही टोकांना पोटाखाली एकेक इंचाचा लाकडी ठोकळा लावायचा, त्यावरून नायलॉनची लाईनदोरी करकचून ताणायची, आणि मध्यावर बीमचं पोट व दोरी यांतलं अंतर पट्टीने मोजायचं. इंचापेक्षा जितकं कमी भरेल तितका बीम खाली. इथे दार आणि भिंत आड येत होती, म्हणून दोरी भिंतीच्या बाजूने, बीमच्या कडेखाली ताणली. आकडा आला 24 मि.मी. म्हणजे ठोकळ्यातलं एकच मिलिमीटर अंतर उरलं होतं. मामा घाबरले. मी म्हटलं, या एका आकड्याने काहीच कळत नाही. ओतताना सेंटरिंगच थोडं खाली बसलेलं असेल तर बीम जन्मतःच वाकडा असतो, वर गिलाव्याची जाडीही कमीजास्त असते. पाचेक मि.मी. त्यात सहज जातात. कळतं ते बदलावरून. म्हणून पुढच्या वेळेपासून दोन इंची ठोकळे घ्यायचे, मध्यावर रंगाची खूण करायची, आणि त्याच खुणेवर दर महिन्याला, शक्यतो सकाळी, मोजून वहीत तारखेसह लिहायचं. चिरेवर ठिकठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा द्यायचा आणि त्यावरही तारीख घालायची. चीर जिवंत असेल तर पट्टा तडकतो.

दाराबद्दलही एक शंका होती. लाकूड पावसाळ्यात फुगतं, तेव्हा दार अडकतं आणि मार्चमध्ये आपोआप मोकळं होतं. क्रीप असं मागे येत नाही. मामांचं दार उन्हाळ्यातही अडकत होतं, म्हणजे चौकटच दबली होती.

आणि चिरांचे फोटो मागवले, कारण काळजी कुठल्या चिरेची करायची हे तिच्या जागेवरून आणि दिशेवरून ठरतं. बीमच्या मध्यावर, पोटातून वर गेलेल्या केसासारख्या उभ्या चिरा जवळजवळ प्रत्येक बीमला असतात. सळयांना काम करायचं तर काँक्रीट तेवढं ताणलं जाणारच. टोकाजवळ, आधारापासून तिरकी वर गेलेली चीर मात्र वेगळी. तिथे बीम कातरला जात असतो आणि तो वाकून आधी कळवत नाही. सळईच्या रेषेत आडवी धावणारी चीर, तिच्यातून झिरपलेला तपकिरी डाग, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा, ही सळई गंजल्याची लक्षणं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. आणि चौथ्या-पाचव्या वर्षी मोजणीचा वेग कमी होण्याऐवजी वाढला, तर ते क्रीप नव्हे. मग त्याच दिवशी खाली टेकू लावायचे आणि इंजिनीअरला बोलवायचं. मामांच्या बीमवर उभ्या चिरा होत्या, तिरकी एकही नव्हती, डाग नव्हता.

आठ महिन्यांत वहीतला आकडा एक मि.मी.ने बदलला. पट्टीने तेवढी चूक मोजणाऱ्याचीही होऊ शकते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे पट्टे शाबूत राहिले. चौथ्या-पाचव्या वर्षी कागदावरचा बीमही वर्षाला एक मि.मी.च्या आतच सरकायला हवा होता. दोन्ही जुळलं.

त्यानंतर नागपूरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनीअरांना बोलावलं. त्यांनी यंत्र फिरवून सळया ड्रॉइंगप्रमाणे आहेत का ते पाहिलं, रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा अंदाज घेतला. मला वाटतं पैसे खर्च करायचे तर इथेच. दोरी वाकण्याचा बदल सांगते, आतमध्ये सळया किती आहेत हे सांगत नाही. त्यांचं मत असं पडलं की आहे त्या भाराला बीम पुरेसा आहे, तोडायचं कारण नाही. वरच्या खोल्यांची भिंत मात्र या बीमवर येऊ द्यायची नाही.

त्यावर मामांनी विचारलं, "पण आता तं सिमेंट जुनं झालं ना, मंग पक्कं नाही झालं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. जुन्या काँक्रीटला नवीन भार दिला तर क्रीप कमी येतं, मघाचा 1.1 पटीचा आकडा तेच सांगतो. पण कमी म्हणजे शून्य नाही. चार इंची भिंत नऊ फूट उंच धरली तर गिलाव्यासकट मीटरमागे सहा-सातशे किलो होतात. म्हणजे आणखी तीनेक मि.मी. लगेच, आणि पुढच्या वर्षांत बहुधा तितकेच. ते खालच्या भिंतीने आणि फरशीने सोसायचे. शिवाय बीमची ताकद हा वेगळा हिशेब, ती वाकण्याच्या गणितात येतच नाही.

शेवटी वरच्या दोन खोल्यांचा नकाशा फिरवला. मधली भिंत कॉलमच्या रेषेवर नेली. एक खोली ठरल्यापेक्षा दीड फूट लहान झाली, त्यावरून मामेभाऊ आठवडाभर नाराज होता. वरचं छत स्लॅबऐवजी पत्र्याचं केलं, ते मामींना अजून पसंत नाही. देवघराच्या भिंतीचा वरचा थर काढून तिथे फट ठेवली, तिच्यात फोम भरून वर लाकडी पट्टी मारली. चौकट काढून नवी बसवली. बल्ल्या या खेपेला चौदा दिवस हलवू दिल्या नाहीत. पाच मीटरच्या बीमला मानकातही तेवढंच सांगितलंय, मिस्त्री सातव्या दिवशीच मागायला आला होता.

वही चालू आहे. आता दर महिन्याऐवजी दर तीन महिन्यांनी मोजतात, आणि वरच्या खोल्यांचं वजन आल्यापासूनचे आकडे वेगळ्या पानावर लिहितात. मागच्या मोजणीला फरक शून्य होता.